एका ‘च’चा हिशेब

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघाले की धानोरा यायच्या थोडे आधी लेखा आणि मेंढा ही गावे लागतात. मेंढ्याची प्रसिद्ध घोषणा मी फार पूर्वी कुठेतरी ऐकली आणि वहीत उतरवून ठेवली होती: ‘आमच्या गावात आमचं सरकार.’ पुढे कित्येक वर्षे वक्तृत्वावर बोलताना मी ती तशीच सांगत आलो. एकदा त्याच भागातल्या एका बैठकीत मी ती म्हटली, तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी मला थांबवले. ‘सर, अर्धंच सांगून राहिले तुम्ही,’ ते म्हणाले, ‘अन् तेही चुकलंच.’

पूर्ण घोषणा अशी आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’

पहिला भाग मी गाळला होता आणि दुसऱ्या भागातला ‘आम्हीच’ बदलून ‘आमचं’ केला होता. लक्षात राहावे म्हणूनच घडवलेले वाक्य आपण नेमके कुठे विसरतो, हे शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला.

वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या भागात नऊ अक्षरध्वनी आहेत, दुसऱ्यात आठ. दोन्ही भाग ‘सरकार’वर येऊन थांबतात. आरंभी स्थळ, शेवटी सरकार, असा दोन्हींचा साचा एकच. साचा एक असला की कान फरकाची वाट पाहतो, आणि इथे फरक शेवटून दुसऱ्या शब्दात आहे. ‘आमचं सरकार’ म्हणताना सरकार ही आपल्या मालकीची, पण आपल्याहून वेगळी वस्तू असते. ‘आम्हीच सरकार’ म्हणताना ती आणि आपण एकच होतो. आमचं, आमच्या, आम्हीच अशी एकाच शब्दाची तीन रूपे ओळीने येतात आणि तिसरे रूप मालकीतून बाहेर पडून थेट कर्त्याच्या जागी बसते. आवाज चढतो तो त्या ‘च’वर. ‘च’ काढून म्हणून पाहिले तर वाक्य उभे राहते, पण त्याचा कणा जातो.

माझी चूक मात्र निव्वळ विसराळूपणाची नव्हती, हे नंतर लक्षात आले. ऐंशीच्या दशकात गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या धरणांच्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. आंदोलनाच्या नावातच पुनरुक्ती आहे. ‘बचाव’ दोनदा आल्यामुळे जंगल आणि माणूस एका पारड्यात बसतात, आणि ते का, हे सांगावेच लागत नाही. त्याच आंदोलनाच्या वातावरणातली गोंडी घोषणा म्हणजे ‘मावा नाटे मावा राज’. मावा म्हणजे आमचा, नाटे म्हणजे गावात. ‘आमच्या गावात आमचं राज्य.’ म्हणजे मी नकळत या गोंडी घोषणेचे मराठी करून ते मराठी घोषणेच्या जागी ठेवले होते.

दोन्ही घोषणा एकाच गावाच्या तोंडी असल्या तरी त्यांची कामे वेगळी आहेत, असे माझे मत झाले आहे. गोंडी घोषणा पुनरुक्तीवर चालते. ती आपल्याच माणसांसाठी आहे; तिला समोर कोणी उभा करायची गरज नाही. मराठी घोषणा विरोधावर चालते, कारण ती ऐकणारा बहुधा बाहेरचा असतो: अधिकारी, पत्रकार, पाहुणा. तो लगेच विचारणार, ‘मग वरचं सरकार तुम्ही मानत नाही का?’ घोषणेच्या पहिल्या भागात त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. दिल्ली-मुंबईतलेही आमचेच आहे. गडचिरोलीसारख्या, बंदुकीच्या दोन बाजूंमध्ये सापडलेल्या जिल्ह्यात हा भाग गाळून नुसते ‘आम्हीच सरकार’ म्हटले तर त्याचा अर्थ काय लावला जाईल, हे सांगायला नको. मी ज्याला सजावट समजून गाळले, तो वाक्याचा जामीन होता.

त्रिपदीत गाळगूळ अशी होत नाही, तिथे क्रम हलतो. त्याचे याच मुलखाच्या अंगणातले उदाहरण फार बोलके आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इंग्रजीतून दिलेला निरोप ‘एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज’ या क्रमाने छापला गेला आहे. तिथे शेवटी संघटना येते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जमणाऱ्या माणसांना विचारा. ती सांगतील ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. इथे शेवटी संघर्ष येतो. हा बदल कोणी ठरवून केला असेल असे मला वाटत नाही. मला त्यात मराठी कानाचा हात दिसतो. दोन, चार, पाच अशी अक्षरे वाढत जातात, आणि ‘सं’ने सुरू होणारे दोन्ही शब्द शेजारी येतात. तीन पदांच्या वाक्यात सर्वांत जड पद शेवटी जाऊन बसते, आणि शेवटचे पदच ऐकणारा घरी घेऊन जातो. सोयीच्या लयीसाठी क्रम हलला आणि भर संघटनेवरून संघर्षावर गेला. जाणकारांत यावरून वाद होतात ते उगाच नाहीत.

विरोधाच्या वाक्यात मात्र क्रम सहसा हलत नाही. दुसरा भाग पहिल्याला उत्तर देतो, त्यामुळे उलटे म्हटले की जिभेलाच चुकल्यासारखे वाटते. त्याचा धोका वेगळा. दुसरा भाग इतका टोकदार असतो की तो एकटाच फिरायला लागतो. घोषणा मोडली आहे की नाही हे ओळखायची माझी खूण आता हीच आहे: सांगणारा ‘दिल्ली-मुंबईत’पासून सुरुवात करतो का?

मेंढ्यात ती मोडली नाही याचे कारण, मला वाटते, ती रोज वापरात होती. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती, गावाचे अभ्यासगट आणि सर्वांच्या संमतीनेच निर्णय घ्यायचा हा नियम, यांत तिचे दोन्ही भाग सतत तपासले जात. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. हा पहिला भाग: कायदा दिल्लीचा, आणि तो आमचा. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना, म्हणजे लोकांच्या बोलीत टीपी, लागतो. आणि तो देणे वनखात्याच्या हातात होते. कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलेले असताना खाते त्याला लाकूडच धरत राहिले. घेणारा बांबू विकत घेऊ शकत होता, पण गावाबाहेर नेऊ शकत नव्हता. दुसरा भाग इथे अडला होता.

२७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि टीपीचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. दिल्ली आणि मुंबई, दोन्ही त्या दिवशी त्याच मांडवात होत्या. त्यानंतर गावाबाहेर पडणाऱ्या बांबूचा परवाना ग्रामसभा स्वतः फाडू लागली.