‘सदर इसम’ कोण?

शिवाजी महाराजांच्या दरबारात घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला वाकनीस म्हणत. शब्द मूळचा ‘वाकिया-नवीस’, म्हणजे घडलेलं लिहून ठेवणारा. राज्याभिषेकानंतर याच पदाला ‘मंत्री’ हे संस्कृत नाव मिळालं. त्याच सुमारास रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या शेकडो फारसी-दखनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही रुजले, काही कागदावरच राहिले. ‘मुख्य प्रधान’ हे अधिकृत नाव होतं, पण लोकांच्या तोंडी ‘पेशवा’च टिकला. चिटणीस तर आजही राजकीय पक्षांत आहेत.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा आला. ‘दिनांक’ आणि ‘क्रमांक’ ही त्या चळवळीची देणगी मानतात. ‘क्रमांक’ सहज बोलण्यात आला, परीक्षेत पहिला क्रमांकच येतो. ‘दिनांक’ मात्र अर्जाच्या कोपऱ्यातच राहिला. बोलताना आपण ‘बारा तारखेला’ म्हणतो, आणि बातमी वाचणाऱ्यानंही तेच म्हणावं.

या इतिहासामुळे एक समजूत पक्की झाली आहे, की संस्कृत शब्द म्हणजे लेखी भाषा आणि अरबी-फारसी शब्द म्हणजे बोली. आपल्यातल्या काहींना ही समजूत सुखावतेसुद्धा. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, आणि मला ती चुकीची वाटते.

शाळेत परिपाठाला मुलं बातम्या वाचतात. त्यांना मी सरावासाठी पोलिसांच्या पत्रकाच्या धाटणीचं हे वाक्य दिलं होतं: “सदर प्रकरणी चार इसमांना ताब्यात घेण्यात आले असून पुढील तपास सुरू आहे.” यातले सगळ्यांत ताठर शब्द कोणते? ‘सदर’ आणि ‘इसम’. दोन्ही अरबी! अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. कारकुनी कागदातून जाता जाता मराठीत त्याचा माणूस झाला, पण ‘आमच्याकडे दोन इसम जेवायला आले’ असं कोणी म्हणत नाही. बोलीतले ‘माणूस’ आणि ‘जण’ हे शब्द मात्र संस्कृतातूनच घासून आलेले आहेत. म्हणजे शब्दाचं कूळ पाहून तो कानाला चालेल की नाही, हे ठरत नाही.

एका मुलानं वाक्य सोपं केलं: “पोलिसांनी चार गुन्हेगारांना पकडलं.” ऐकायला छान, ओघवतं. पण बातमी बदलली.

‘ताब्यात घेतलं’ म्हणजे पोलिसांनी चौकशीसाठी नेलं, एवढंच आपल्याला कळलंय. ‘अटक’ ही नोंद होते; तिथून, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आत त्या माणसाला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. ‘पकडलं’मध्ये हा फरक पुसला जातो. आणि ‘गुन्हेगार’ तर न्यायालयानं दोषी ठरवल्यावरच. त्याआधी पोलिसांना शंका असेल तर ‘संशयित’, रीतसर आरोप असेल तर ‘आरोपी’. हे दोन्ही संस्कृत वळणाचे, जरा जड शब्द आहेत, पण इथे सोपा पर्याय शोधू नये. संध्याकाळच्या बातम्यांत ‘गुन्हेगार’ म्हटला गेलेला पोरगा महिन्याभरानं सुटून आला, तरी गल्लीत त्याचं तेच नाव राहतं. आपल्या वस्त्यांत हे वेगळं सांगायला नको.

शेवटी आम्ही असं लिहिलं: “या प्रकरणात पोलिसांनी चार जणांना ताब्यात घेतलं आहे. तपास सुरू आहे.” ‘असून’ काढून दोन वाक्यं केली, कारण वाचणारा डोळा मागे जाऊ शकतो, ऐकणारा कान जात नाही. ‘घेण्यात आले’ऐवजी ‘पोलिसांनी घेतलं’ केलं. कोणी घेतलं तेही त्यामुळे कळतं.

उर्दूच्या मुलांना आणखी एक अडचण येते, ओळखीच्या शब्दाची. उर्दूत ‘ज़ामिन’ म्हणजे हमी देणारा माणूस आणि सुटका होते ती ज़मानतीवर. मराठीत दोन्हींना ‘जामीन’च. म्हणून “त्याला जामीन मिळाला” हे ऐकून एका मुलीनं विचारलं, “कोण मिळाला?” तसंच ‘मयत’. पंचनाम्यात मयत म्हणजे मेलेली व्यक्ती, आमच्या घरांत मय्यत म्हणजे समोर ठेवलेलं प्रेत किंवा अंत्ययात्रासुद्धा. बातमीत मी ‘मयत’ टाळतो. ‘मेले’ही नको, ते घरातल्या माणसांना टोचतं. ‘दोघांचा मृत्यू झाला’ हे सगळ्यांना कळतं आणि कोणाचा अपमान होत नाही. ‘निधन’ बड्यांसाठी आणि ‘ठार’ बसमधल्या मजुरांसाठी, ही वर्तमानपत्री वाटणी मात्र मला कधीच पटली नाही. परिपाठाच्या बातम्यांत मंत्री असो की मजूर, आम्ही ‘मृत्यू’च लिहितो.