दहावीचं ‘बेस्ट फाइव्ह’ म्हणजे नेमकं काय? सहापैकी पाच विषयांची बेरीज कशी होते आणि ती कुठे फसवते

दहावीचा निकाल लागला की घराघरात एकच गोंधळ होतो. मुलगी म्हणते 82 टक्के, आणि अब्बा कॅल्क्युलेटर घेऊन सगळे विषय मिळवतात तर येतात 77. मग शंका येते, मंडळाची चूक झाली की आपली? चूक कुणाचीच नसते. मंडळ सहापैकी सर्वांत कमी गुणांचा विषय बाजूला ठेवतं आणि उरलेल्या पाचांची बेरीज धरतं. यालाच ‘बेस्ट फाइव्ह’ म्हणतात.

हिशोब कसा होतो

राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय असतात आणि प्रत्येक 100 गुणांचा असतो. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. सहा विषय मिळून 600 होतात. पण टक्केवारी काढताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय घेतात आणि 500 पैकी टक्के काढतात. कुठला विषय सुटावा हे मुलाने किंवा शाळेने निवडायचं नसतं. ज्यात गुण सर्वांत कमी, तोच आपोआप सुटतो. तो भाषेचा असेल तरी चालतं, गणिताचा असेल तरी चालतं.

उर्दू माध्यमाच्या एका मुलीचे गुण धरून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

- उर्दू 88
- मराठी 81
- इंग्रजी 52
- गणित 79
- विज्ञान 76
- सामाजिक शास्त्रे 86

सहा विषयांची बेरीज 462. 600 पैकी 462 म्हणजे बरोबर 77 टक्के. आता सर्वांत कमी कोणता? इंग्रजी, 52. तो काढला की उरतात 410. 500 पैकी 410 म्हणजे 82 टक्के. घरातले 77 आणि गुणपत्रिकेतले 82, दोन्ही हिशोब बरोबर आहेत. फक्त प्रवेशासाठी दुसरा धरतात.

फायदा कुणाला किती

सगळ्यांचे टक्के वाढतात, मग फरक काय पडला, असं पुष्कळ जण म्हणतात. पण सगळ्यांचे सारखे वाढत नाहीत. सोपा नियम असा: सहा विषयांच्या सरासरीतून सर्वांत कमी गुण वजा करा आणि जे येईल त्याला 5 ने भागा. तेवढेच टक्के वाढतात. वरच्या मुलीची सरासरी 77, सर्वांत कमी गुण 52. फरक 25. त्याला 5 ने भागलं की 5. म्हणून 77 चे 82 झाले.

आता दुसरा मुलगा घ्या, ज्याचे सगळे विषय साधारण सारखे आहेत: 80, 78, 77, 79, 78 आणि 82. बेरीज 474, म्हणजे 79 टक्के. त्याचा सर्वांत कमी विषय 77. तो काढल्यावर उरतात 397, म्हणजे 79.40 टक्के. वाढ फक्त 0.40 ची.

सहा विषय धरले तर हा मुलगा 79 टक्क्यांनी पुढे होता आणि मुलगी 77 वर मागे होती. बेस्ट फाइव्ह लावल्यावर मुलगी 82 वर गेली, मुलगा 79.40 वर राहिला. क्रम उलटा झाला. अकरावीच्या कट-ऑफमध्ये अर्ध्या टक्क्यावरून कॉलेज बदलतं, तिथे हा फरक फार मोठा आहे. थोडक्यात, ज्याचा एकच विषय कच्चा आणि बाकी पक्के, त्याला ही पद्धत उचलून धरते. ज्याचे दोन विषय कच्चे आहेत, त्याचा एक सुटतो, दुसरा बेरजेत राहतोच.

ही पद्धत आली कुठून

मुंबई-पुण्यात अकरावीला राज्य मंडळाच्या मुलांबरोबर सीबीएसई आणि आयसीएसईची मुलंही अर्ज करतात. त्या मुलांच्या टक्केवारीपुढे आपली मुलं मागे पडतात, ही राज्य मंडळाच्या पालकांची जुनी तक्रार होती. शासनाने 2008 साली पर्सेंटाइलची पद्धत आणली, ती उच्च न्यायालयात टिकली नाही. 2009 साली 90 टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना आणि 10 टक्के इतरांना असा कोटा आणला, तोही टिकला नाही. मग 2010 साली बेस्ट फाइव्ह आलं. इतर मंडळांचे पालक पुन्हा कोर्टात गेले. जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. तेव्हापासून ते चालू आहे.

तुलना करताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सीबीएसईच्या दहावीला मुख्य विषय पाचच असतात: दोन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र. राज्य मंडळाच्या मुलाला तिसरी भाषाही द्यावी लागते. आपल्याकडे उर्दू माध्यमाचं मूल उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा देतं, त्याही तीन लिप्यांत. पाचांशी पाच जुळवायचे तर सहावा कुठेतरी सोडावाच लागतो.

सुटलेला विषय सुटत नाही

सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे आहे. ‘इंग्रजी धरतच नाहीत, मग कशाला घासायचं?’ असं मुलं म्हणतात आणि कधी कधी मोठी माणसंही म्हणतात. सुटलेल्या विषयाचे गुण टक्केवारीत धरत नाहीत, पण तो पास व्हावाच लागतो. पास होण्याची रेषा 100 पैकी 35.

वरच्या मुलीला इंग्रजीत 52 ऐवजी सवलतीतही न बसणारे गुण पडले असते, तर बाकीच्या पाच विषयांचे 410 तसेच राहूनही ती उत्तीर्ण झाली नसती. एक किंवा दोन विषयांत राहिलेल्या मुलाला एटीकेटीवर अकरावीत बसता येतं आणि तो विषय पुरवणी परीक्षेत सोडवावा लागतो. पण चांगल्या कॉलेजच्या पहिल्या फेऱ्या तोवर होऊन गेलेल्या असतात.

दुसरी बाजूही बघा. त्याच मुलीने इंग्रजीत मेहनत करून 52 चे 70 केले असते तर टक्के किती वाढले असते? शून्य. कारण 70 झाले तरी इंग्रजीच सर्वांत कमी, पुढचा विषय विज्ञान 76 वर आहे. इंग्रजी 76 च्या वर गेल्यावरच बेरीज हलते. उलट उर्दू किंवा गणितात एक गुण वाढला की 0.20 टक्के लगेच वाढतात. म्हणून काही क्लासवाले ‘कच्चा विषय पासापुरता करा, बाकीच्यांवर जोर द्या’ असं सांगतात. टक्क्यांच्या हिशोबाने ते खोटं नाही.

पण या हिशोबाची किंमत जून-जुलैत कळते. 82 टक्क्यांवर सायन्सला प्रवेश मिळतो. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र सगळं इंग्रजीत. टक्केवारीने लपवलेले ते 52 गुण वर्गात पहिल्याच दिवशी समोर येतात. गणिताचंही तसंच. दहावीला गणित सुटलं म्हणून टक्के चांगले आले, आणि मग मूल अकरावीला गणित घेऊन बसलं तर टिकत नाही. म्हणून शाखा निवडताना टक्केवारी बघू नका, गुणपत्रिकेतली सुटलेल्या विषयाची ओळ बघा. मुलाला नेमकं कुठे जड जाणार, हे तीच ओळ सांगते.

चित्रकला आणि खेळाचे गुण

शासकीय रेखाकला परीक्षा, खेळ, लोककला यांचे वाढीव गुण वेगळे मिळतात आणि गुणपत्रिकेत अधिक चिन्ह लावून दाखवतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड असेल तर 7 गुण. वरच्या मुलीला ते मिळाले असते तर 410 अधिक 7, म्हणजे 417. 500 पैकी 417 म्हणजे 83.40 टक्के. हेच 7 गुण 600 वर धरले असते तर जेमतेम 1.17 टक्के वाढले असते, 500 वर 1.40 वाढतात. काही मुलांना 100 टक्के पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामागे बऱ्याचदा हाच हिशोब असतो. पाच विषयांत 490 च्या पुढे आणि वर कलेचे किंवा खेळाचे गुण. हे गुण आपोआप मिळत नाहीत. प्रमाणपत्र लावून शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो. निकालानंतर धावपळ करून उपयोग नसतो.

अर्जात होणारी चूक

शिष्यवृत्तीचे, ट्रस्टच्या मदतीचे, हॉस्टेलचे अर्ज भरताना ‘मिळालेले गुण’ आणि ‘पैकी गुण’ असे दोन रकाने असतात. इथे लोक दोन हिशोब मिसळतात. कुणी सहा विषयांची बेरीज 462 लिहितं आणि पुढे 500 लिहितं. टक्के येतात 92.40, जे कधी मिळालेच नव्हते. कागदपत्र तपासणीत हा अर्ज बाद होऊ शकतो, आणि खोटी माहिती दिल्याचा शिक्का बसतो. कुणी उलटं करतं, 410 लिहून पुढे 600 लिहितं. टक्के येतात 68.33 आणि हक्काची मदत हातची जाते.

ओळखायची खूण सोपी आहे. 500 लिहायचे असतील तर पाच विषयांची बेरीज, 600 लिहायचे असतील तर सहांची. अर्ज गुणपत्रिकेवरची एकूण बेरीज मागत असेल तर गुणपत्रिकेत जे दोन आकडे शेजारी छापलेत तेच उतरवा, स्वतः नवीन बेरीज करू नका. सगळ्या विषयांचे गुण मागितले असतील तर सहाही विषय लिहा, सुटलेला विषयसुद्धा.

घरात मोठ्या भावंडांशी तुलना करतानाही हेच ध्यानात ठेवा. 2010 च्या आधी दहावी झालेल्या खालाचे 77 टक्के आणि आजच्या भाचीचे 82 टक्के हे एका मापाचे नाहीत. खालाचे सगळे विषय धरले होते. भाचीचेही सगळे धरले तर वरच्या उदाहरणात दोघी 77 वरच येतात.

सीबीएसईत शिकणारं मूल असेल तर त्याच्या गुणपत्रिकेवर एकूण टक्केवारी छापलेलीच नसते, ते मंडळ ती काढत नाही. पाचच विषय असतील तर पाचही धरायचे. आयटीसारखा सहावा विषय घेतला असेल तर कोणते पाच धरायचे हे प्रवेश देणारी संस्था ठरवते. तिच्या माहितीपुस्तिकेत ते लिहिलेलं असतं, अर्जात आकडा टाकण्याआधी तेवढं पान वाचून घ्यावं.