सोन्याच्या भावाला तळ असतो का?

सोने उतरू लागले की सराफाच्या पेढीवर एक वाक्य हमखास कानी पडते : "आता याहून खाली कसे जाईल? खाणीतून काढायलाच एवढा खर्च येतो!" वाक्य पटण्याजोगे आहे. आपल्या भागात गुळाचा भाव खर्चाखाली गेला तर पुढच्या हंगामात गुऱ्हाळे कमी लागतात, माल आटतो आणि भाव सावरतो. मग सोन्याचेही तसेच व्हायला नको का?

आपल्याच राज्यातील कोलारची गोष्ट पाहा. १८८० नंतर जॉन टेलर आणि सन्स या इंग्रजी कंपनीने चालविलेल्या या खाणी पुढे तीन किलोमीटरहून खोल गेल्या. जितके खोल जावे तितके उष्णता उपसण्याचे, पाणी उपसण्याचे, दगड वर ओढण्याचे काम वाढते. आणि इथे तर दगडातले सोनेही कमी होत गेले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, तेव्हा जागतिक भाव औंसाला २६० डॉलरच्या आसपास होता. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. कोलारचा खर्च त्या भावात निघत नव्हता. पण कोलार बंद पडले म्हणून भाव काही वर आला नाही. त्याच भावात रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण मात्र चालू राहिली. तेव्हा तळ म्हणायचा तो कोणाच्या खर्चाचा?

बाजाराने या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात शोधले. पूर्वी खाणी नुसता 'रोख खर्च' सांगत : खोदाई, दळण, मजुरी, वीज. त्यात नवे बोगदे, जुनी यंत्रे बदलणे, कचेरीचा खर्च येत नसे, म्हणून कागदावर नफा दिसे आणि तिजोरी रिकामी राही. जून २०१३ मध्ये वर्ल्ड गोल्ड कौन्सिलने 'ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट' ही पद्धत जाहीर केली. खाण आज आहे तशी चालती ठेवायला लागणारा सगळा खर्च, असा तिचा अर्थ. प्राप्तिकर, व्याज आणि नव्या खाणीची उभारणी मात्र तिच्या बाहेरच.

योगायोग असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन दिवसांत सोने दोनशे डॉलरच्या आसपास घसरले होते आणि जूनअखेर ते १,२०० च्या खाली उतरले. कित्येक खाणींचा सर्व खर्च याच सुमाराचा. म्हणून हाच तळ, असे अनेकांनी ठरविले. डिसेंबर २०१५ मध्ये भाव १,०५० च्या जवळ आला.

तळ कुठे गेला? तो भावाबरोबर खाली सरकला. बॅरिक या मोठ्या कंपनीचा हाच खर्च २०१३ मध्ये औंसाला ९१५ डॉलर होता, तो २०१५ मध्ये ८३१ झाला. खनिज तेल स्वस्त झाले, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेची चलने उतरल्याने तिथली मजुरी डॉलरमध्ये कमी भरू लागली. शिवाय खाणवाल्यांकडे एक जुनी युक्ती असते : भाव पडला की सोन्याने भरलेला दगड आधी काढायचा. समजा, एक टन दगड खोदून दळायला ६० डॉलर लागतात. टनात ३ ग्रॅम सोने असेल आणि त्यातले ९० टक्के हाती आले तर औंसासाठी साडेअकरा टन दगड हवा. खर्च सुमारे ६९० डॉलर. ४ ग्रॅमचा दगड घेतला तर पावणेनऊ टनांपेक्षाही कमीत भागते. खर्च ५२० च्या आत. खाण तीच, माणसे तीच. फक्त पुढच्या वर्षांसाठी राखलेला चांगला दगड आज संपतो, आणि हे त्या वर्षीच्या आकड्यात दिसत नाही.

तोट्यातली खाणही लगेच बंद होत नाही. पंप थांबले की पाणी भरते, आणि बुडालेली खाण पुन्हा उघडणे बहुधा परवडत नाही. म्हणून रोजचा रोख खर्च सुटतो तोवर मालक तग धरतो.

पण गुळाची उपमा मोडते ती निराळ्याच जागी. गूळ खाऊन संपतो. सोने संपत नाही. आजवर काढलेले दोन लाख टनांहून अधिक सोने तिजोऱ्यांत, कपाटांत आणि गळ्यांत आहे. वर्षाला खाणींतून त्यात साडेतीन हजार टनांच्या आसपास भर पडते, म्हणजे दोन टक्केही नाही. भाव ठरतो तो हे साठलेले सोने धरणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मनावर. ७ मे १९९९ रोजी ब्रिटनने आपले निम्म्याहून अधिक सोने विकण्याचे जाहीर केले आणि जुलैत भाव २५३ डॉलरवर आला. सप्टेंबरअखेर युरोपातील मध्यवर्ती बँकांनी विक्रीवर मर्यादा घालून घेतली, तेव्हा तो उसळला. त्या चार-पाच महिन्यांत खाणींच्या खर्चात असे काय बदलले होते?

खर्चाचा परिणाम होतो, पण सावकाश. पडत्या भावात नवा शोध थांबतो आणि त्याची उणीव दहा-पंधरा वर्षांनी भासते. उलट भाव चढला की खर्चही त्याच्यामागे चढतो, कारण हलका दगडही दळणे परवडते आणि सरकारची रॉयल्टी भावाच्या टक्क्यात असते. बॅरिकचा तोच खर्च २०२४ मध्ये १,४८० च्या घरात गेला होता.

कोलारला खाणींच्या तोंडाशी दळलेल्या दगडाच्या राखाडी टेकड्या उभ्या आहेत. २००१ मध्ये त्या कचरा होत्या. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने त्यांतून सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली.