निर्मितीसोबतचे भाष्य : ऑस्ट्रेलियन विद्यापीठांतील ‘एक्झेजेसिस’च्या रचनेचा विकास

कादंबरी, चित्रप्रदर्शन किंवा नाट्यप्रयोग सादर करून संशोधन पदवी मिळवू इच्छिणाऱ्या उमेदवाराने त्या कलाकृतीसोबत एक लिखित विवरणही दिले पाहिजे, ही पद्धत ऑस्ट्रेलियन विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. या विवरणास तेथे ‘एक्झेजेसिस’ म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द बायबलमधील वचनांचा अर्थ उलगडून सांगण्याच्या शास्त्रासाठी वापरला जाई. आपल्याकडील ‘भाष्य’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. परंतु भाष्यात सामान्यतः मूळ कर्ता एक आणि भाष्यकार दुसरा असतो. कर्त्यानेच स्वतःच्या ग्रंथावर लिहिलेल्या टीकेला संस्कृत परंपरेत ‘स्वोपज्ञ’ टीका म्हणतात. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या ‘काव्यानुशासना’वर अशी टीका लिहिली. एक्झेजेसिस या अर्थाने स्वोपज्ञच होय. साम्य मात्र एवढ्यावरच संपते, कारण हेमचंद्राला परीक्षकांपुढे उभे राहावयाचे नव्हते.

वोलोंगाँग विद्यापीठाने १९८४ मध्ये ‘डॉक्टर ऑफ क्रिएटिव्ह आर्ट्स’ ही पदवी सुरू केली. परंतु या पद्धतीला खरी गती मिळाली ती शिक्षणमंत्री जॉन डॉकिन्स यांच्या १९८८ च्या सुधारणांमुळे. तोपर्यंत कलाशिक्षण बहुतांशी विद्यापीठांबाहेरील महाविद्यालयांत दिले जात असे. या सुधारणांनंतर त्या संस्था विद्यापीठांत विलीन होऊ लागल्या; उदाहरणार्थ, क्वीन्सलँड कॉलेज ऑफ आर्ट १९९१ मध्ये ग्रिफिथ विद्यापीठाचा भाग झाले. त्यामुळे आयुष्यभर चित्रे काढणारा अध्यापक एकाएकी ‘संशोधन काय केले?’ या प्रश्नापुढे उभा राहिला. डेनिस स्ट्रँड यांच्या १९९८ च्या अहवालाने कलानिर्मितीला संशोधनाच्या बरोबरीचे स्थान मिळावे, अशी बाजू मांडली. परंतु कलाकृतीतील संशोधन परीक्षकाने कसे ओळखावे, हा प्रश्न तेवढ्याने सुटणारा नव्हता. तो भार लिखित विवरणावर येऊन पडला.

विवरण किती मोठे असावे याविषयी विद्यापीठांचे नियम झाले, पण ते कसे रचावे याविषयी ते बहुधा मौन बाळगून होते. परिणामी पहिल्या पिढीतील उमेदवार मार्गदर्शकाच्या सवयीनुसार लिहीत गेले. ‘टेक्स्ट’ या नियतकालिकाने २००४ मध्ये या विषयावर खास अंक काढला, तेव्हा त्या गोंधळाची नीट मांडणी झाली. त्यातील पर्थ येथील कर्टिन विद्यापीठाच्या बार्बरा मिलेक व ॲन शिलो यांचा निबंध आजही सर्वाधिक उपयोगी वाटतो. प्रचलित विवरणांत त्यांना दोन साचे दिसले. एक संदर्भप्रधान, म्हणजे कलाकृतीमागील इतिहास व सिद्धान्त सांगणारा. दुसरा टीकाप्रधान, म्हणजे कलाकृती कशी घडली हे सांगणारा. दोहोंतील उणिवा दाखवून त्यांनी तिसरा, संशोधनप्रश्नावर आधारलेला साचा पुढे ठेवला.

या तिन्हींतील भेद एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका नाट्यदिग्दर्शिकेने दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी एक प्रयोग बसविला आहे. रंगमंच व प्रेक्षागृह यांत सीमा नाही; प्रेक्षक मध्यभागी बसतात आणि नटांचा आवाज, पावले, वस्तूंचे नाद त्यांच्याभोवती फिरतात. संदर्भप्रधान साच्यात ती नभोनाट्याचा इतिहास लिहील, रंगभूमीवरील ध्वनियोजनेची परंपरा सांगेल, अपंगत्वविषयक सिद्धान्तांचा परामर्श घेईल. हे सर्व योग्यच. पण प्रयोग झालाच नसता तरी ही प्रकरणे जशीच्या तशी उभी राहिली असती. या साच्याची चूक ओळखण्याची खूण हीच आहे. टीकाप्रधान साच्यात ती तालमींचा वृत्तान्त देईल: बाराव्या तालमीला नटांनी पायांतील वहाणा काढल्या, विसाव्या तालमीला मागील बाजूचा ध्वनिक्षेपक हलविला, इत्यादी. येथे दोष उलटा आहे. वाचकाला घटना कळतात, पण त्यांतून कोणते ज्ञान हाती आले हे कळत नाही. आणि दिग्दर्शिका स्वतःच्या प्रयोगाची समीक्षक होऊन बसते. ही अवघड जागा आहे, कारण स्वतःच्या कृतीचे गुणगान आणि तिचे विवरण यांतील रेषा फार पुसट असते.

तिसऱ्या साच्यात आरंभी प्रश्न येतो: ‘दृश्याचा आधार काढून घेतल्यास केवळ ध्वनीने रंगावकाशाची खोली व दिशा प्रेक्षकाला कशी जाणवते?’ प्रयोग या प्रश्नाचे उत्तर रंगभूमीच्या भाषेत देतो, विवरण तेच उत्तर गद्यात शोधते. आता नभोनाट्याचा इतिहास वेगळ्या कारणाने येतो. नभोनाट्यात ध्वनी यंत्रातून येतो, श्रोत्याभोवती फिरणाऱ्या सजीव शरीरातून नव्हे. आणि दिग्दर्शिकेच्या प्रश्नाची धार नेमकी त्या फरकात आहे. वहाणा काढल्याचा प्रसंगही येतो, परंतु पुरावा म्हणून: अनवाणी पावलांचा आवाज मंदावल्याने नट किती दूर आहे याचा अंदाज चुकू लागला, यावरून अंतर जाणवण्यात पावलांचा वाटा किती हे उमगले. तालमींच्या नोंदवहीतील शेकडो नोंदींपैकी प्रश्नाला लागू होणाऱ्या अशा मोजक्याच नोंदी विवरणात शिरतात.

या साच्यातही एक अडचण उरली. प्रश्न सापडला तरी प्रकरणांचा क्रम काय ठेवावा, हे त्यातून ठरत नाही. ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतील जिलियन हॅमिल्टन व ल्यूक यानिस्टे यांनी तेथील प्रत्यक्ष विवरणांचे विश्लेषण करून २०१० मध्ये याचे उत्तर दिले. त्यांना आढळलेल्या रचनेत तीन अंगे होती: संकल्पनांची मांडणी, त्या क्षेत्रातील पूर्वसूरींच्या कृतींचा परामर्श, आणि संशोधकाची स्वतःची निर्मिती, तिची प्रक्रिया व फलित. पहिली दोन अंगे बाहेर पाहतात, तिसरे आत. या दुहेरी दृष्टीमुळे त्यांनी या रचनेला ‘जोडणारा’ साचा म्हटले. आपल्या दिग्दर्शिकेच्या बाबतीत दुसरे अंग सर्वांत कठीण ठरेल. कारण पूर्वसूरींची यादी देणे सोपे असते, परंतु त्यांच्यापैकी प्रत्येकाने तिच्या प्रश्नाचा कोणता भाग सोडविला आणि कोणता तसाच ठेवला, हे सांगणे जिकिरीचे. ते सांगितले नाही तर तिसऱ्या अंगात येणारा ‘नवीन’ हा शब्द निराधार राहतो.

प्रयोगकलांत आणखी एक व्यावहारिक पेच आहे, आणि त्याकडे या चर्चेत त्या मानाने कमी लक्ष गेले. कादंबरी परीक्षकाच्या हाती राहते. प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. परीक्षक प्रयोगाला हजर असला तरी विवरण काही महिन्यांनी वाचत असल्यास त्याच्यासमोर असते ती आठवण आणि ध्वनिचित्रमुद्रण. वर दिलेल्या उदाहरणात तर मुद्रणही अपुरे पडते. कारण भोवती फिरणारा आवाज दोन ध्वनिक्षेपकांतून ऐकला की त्याची दिशाच हरवते. अशा वेळी बसण्याच्या जागांचा आराखडा, नटांच्या हालचालींचे नकाशे आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया ही सामग्री परिशिष्टात ढकलून भागत नाही. ती युक्तिवादातच यावी लागते.

दरम्यान, साचा स्थिरावताच त्याविरुद्ध कुरबुरही सुरू झाली. सर्जनशील लेखनाचे अभ्यासक नायजेल क्राउथ यांनी २०११ मध्ये ‘टेक्स्ट’मध्येच ऑस्ट्रेलियन लेखन-डॉक्टरेटचा आढावा घेतला. कलाकृती आणि विवरण अलग न ठेवता दोन्ही वेणीसारखी एकमेकांत गुंफणाऱ्या प्रबंधांकडे त्यांनी लक्ष वेधले. लेखकाला ही मोकळीक हवीहवीशी वाटते. मात्र अशा प्रबंधात कोणते वाक्य पात्राचे आणि कोणते संशोधकाचे, म्हणजेच कोणत्या विधानाला पुरावा मागावयाचा, हे प्रत्येक पानावर परीक्षकालाच ठरवावे लागते.