तळटीप : कक्षेतला कचरा

‘कचरा आपोआप पडतो’ हे लेखकाचे विधान उंचीवर अवलंबून आहे. २७ मार्च २०१९ रोजी भारताने सुमारे २८० किमी उंचीवर स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. काही तुकडे हजार किमीच्याही वर उडाले, पण प्रत्येक फेरीत त्यांना पुन्हा खाली, स्फोटाच्या उंचीपर्यंत यावे लागे. तिथल्या विरळ हवेचे घर्षण दर फेरीला थोडा वेग खाई, पुढच्या फेरीत तुकडा आधीइतका वर जात नसे. शेवटी तो दाट हवेत जळे. बहुतेक तुकडे काही महिन्यांतच संपले. (सूर्य खवळला की वरची हवा तापून फुगते आणि ही झाडलोट वेग घेते.)

चीनने २००७ मध्ये फोडलेला फेंगयुन-१सी मात्र सुमारे ८६० किमीवर होता. तिथे हवा जवळजवळ नाहीच. त्याचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले. त्यांतले पुष्कळ अजून फिरताहेत. समोरासमोरच्या धडकेत वेग सेकंदाला चौदा-पंधरा किमीपर्यंत जातो, म्हणून बोराएवढा तुकडाही उपग्रह निकामी करतो. एवढे लहान तुकडे रडारला सहसा सापडत नाहीत, त्यामुळे त्यांना चुकवताही येत नाही. मोठी धडक झाली, की नवे तुकडे त्याच उंचीवर साचतात.
—संपादक