सोंगाड्याची पेरणी

विनोदाला निम्मे बोलायचे असते. उरलेले निम्मे ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच असावे लागते. घरात हे सोपे जाते. काकांच्या छत्रीचा नुसता उल्लेख झाला तरी सगळे घर हसते आणि पाहुणा मात्र इकडे-तिकडे बघत राहतो. पण ज्याचे पोटच रोज नव्या गावाला हसवण्यावर चालते, त्या तमाशातल्या सोंगाड्याने काय करावे? आज एक गाव, उद्या दुसरे. समोर बसलेल्यांपैकी ओळखीचा एकही नाही. मला वाटते, ढोलकी-फडाच्या तमाशाची बांधणी पाहिली तर या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच सापडते.

ही बांधणी ठरलेली : आधी गण, मग गौळण, पुढे बतावणी आणि शेवटी वग. यांपैकी वग सर्वांत धाकटा. सावळजकरांच्या फडाचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात आणि त्याचा काळ साधारण १८६५ सांगतात. वगातले राजा-प्रधान आणि त्यांची भानगड लोकांना नवी असू शकते. म्हणून तो शेवटी येणेच सोयीचे. त्याच्या आधी सोंगाड्याला गावाशी ओळख करून घ्यायला वेळ मिळतो.

पहिली ओळख उसनी असते. गौळणीत कृष्ण मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवून दाण मागतो, हे पोराटोरांनाही ठाऊक असते. कथा सांगण्यात एक शब्दही खर्चावा लागत नाही. जुन्नरकडच्या एका जत्रेत मी ऐकले ते असे. कृष्णाने दाण मागताच मावशी, म्हणजे डोक्यावर पदर घेतलेला एक दणकट गडी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आरं, मागच्या नाक्यावर जकात भरली की! पावती दाखवू का?” माणसे लोटपोट झाली. त्या एका वाक्यात दोन माहीत असलेल्या गोष्टी एकमेकींवर आपटल्या होत्या : गोकुळातले दाण आणि बाजाराच्या गावचा जकात नाका. यांतली एक जरी ठाऊक नसली तरी हसू येणार नाही. २०१७ साली मुंबईतलीही जकात बंद झाली. आज हा विनोद नातवंडांना सांगायचा तर आधी नाका समजावून सांगावा लागेल आणि समजावण्यातच तो मरेल.

दुसरी ओळख सोंगाडी स्वतः तयार करतो, तीही सर्वांच्या देखत. त्याच रात्री बतावणीत सोंगाड्याने आपल्या सासऱ्याची कैफियत मांडली. सासरा येऊन गेला आणि कंदील नाहीसा झाला. पुन्हा आला, तांब्या गेला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा शेळी गेली. पहिल्या खेपेला लोक नुसते ऐकत होते, दुसऱ्या खेपेला थोडे हसले, तिसऱ्या वेळी ‘सासरा’ म्हणताच पुढचे ओरडले, “आता काय नेलं?” पेरणी झाल्याची ती खूण. सोंगाड्याने विषय तिथेच सोडला.

तासाभराने वग रंगात आला. राजा गरजला, “प्रधानजी, आमचा खजिना गेला कुठं?” दरबार गप्प. सोंगाडी हळूच पुढे सरकला आणि अदबीने म्हणाला, “महाराज, माझा सासरा येऊन गेला का?”

हास्याचा जो कल्लोळ उठला, तो बराच वेळ ओसरेना. आता हे वाक्य कागदावर एकटे लिहून पाहा. त्यात विनोद कुठेच नाही. तो त्या तासाभरात, त्या माणसांमध्ये तयार झाला होता. बतावणी संपल्यावर येऊन मागे उभी राहिलेली काही मंडळी हसली नाहीत. शेजाऱ्याला विचारू लागली. एक बाजू हसते आणि दुसरी तिच्या तोंडाकडे बघते, तेव्हा ओळख अर्धवट राहिली हे सोंगाडी ताडतो. शहाणा असेल तर सासऱ्याला पुन्हा एकदा, वेगळ्या निमित्ताने, आणून सोडतो. पण फार वेळा आणले तर पुढचे कंटाळतात. हा तोल कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो.

१९६५ साली वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ आले आणि दादा कोंडक्यांनी हीच विद्या शहरातल्या नाट्यगृहात आणली. तिथला प्रेक्षक एका गावचा नव्हता. त्यांच्यात समाईक होते ते सकाळचे वर्तमानपत्र. म्हणून ताज्या राजकारणावरच्या कोपरखळ्या प्रयोगाप्रयोगाला बदलत.

जुने वग छापलेले मिळतात आणि वाचणारा म्हणतो, यात हसण्यासारखे काय होते? लावण्या टिकल्या, कथा टिकल्या. बतावण्या मात्र बहुतेक त्या-त्या रात्रीच्या हजरजबाबीपणावर चालल्या, म्हणून कागदावर फारशा उतरल्याच नाहीत. छापील वगात राजा खजिना विचारतो तो आपल्याला दिसतो. सासरा मात्र त्या रात्रीच निघून गेलेला असतो.