आधी चित्रपट की आधी मालिका? : बर्गमनच्या दोन कलाकृतींचा उलगडा 🧵

१/७
इंगमार बर्गमन यांचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' हा चित्रपट स्वीडनमध्ये डिसेंबर १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच नावाची मालिका तेथील दूरचित्रवाणीवर आली ती डिसेंबर १९८४ मध्ये. मग चित्रपटावरून मालिका झाली, असे म्हणायचे का? तारखा तसे सुचवतात. घडले मात्र उलटे.

२/७
ही कथा बर्गमन यांनी प्रथमपासून दूरचित्रवाणीसाठी योजली होती. तिची लांबी ३१२ मिनिटे, म्हणजे पाच तासांहून अधिक. चित्रपटगृहांसाठी तीच कापून १८८ मिनिटांची केली गेली. दोन्हींचे चित्रण एकच. वेगळे आहे ते संकलन.

३/७
दोन तासांहून अधिक भाग गळाला, तेव्हा काय हरवले? एक उदाहरण पाहा. मुलांच्या खोलीत वडील एका साध्या खुर्चीभोवती अद्भुत गोष्ट रचतात. हा प्रसंग दीर्घ आवृत्तीतच आहे. अलेक्झांडरची कल्पनाशक्ती कोठून आली, हे त्यातून उमगते. ही काटछाट बर्गमन यांना फार क्लेशदायक वाटली होती.

४/७
याउलट 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज'चा क्रम सरळ आहे. १९७३ च्या वसंतात स्वीडनच्या दूरचित्रवाणीवर तिचे सहा भाग दाखवले गेले. त्यांतून संक्षिप्त केलेला चित्रपट १९७४ मध्ये अमेरिकेत पोहोचला. येथे निर्मितीचा आणि प्रदर्शनाचा क्रम एकच.

५/७
या क्रमाची किंमत लिव उलमन यांना मोजावी लागली. कलाकृती आदल्या वर्षीच दूरचित्रवाणीवर झळकली होती, म्हणून त्यांचा अभिनय ऑस्करसाठी अपात्र ठरला. 'फॅनी अँड अलेक्झांडर' मात्र आधी चित्रपटगृहात आला आणि १९८४ च्या सोहळ्यात त्याने चार ऑस्कर मिळवले. मालिकेचे प्रसारण तेव्हा व्हायचेच होते.

६/७
यास्तव 'आधी कोणते?' हा एक प्रश्न नसून तीन आहेत. आधी काय योजले? आधी संकलन कशाचे पूर्ण झाले? आधी लोकांनी काय पाहिले? सूचीतले वर्ष बहुधा फक्त तिसऱ्याचे उत्तर देते. तेही सावधपणे वाचावे, कारण 'फॅनी अँड अलेक्झांडर'ची दीर्घ आवृत्ती प्रसारणापूर्वी, १९८३ मध्येच चित्रपटगृहातही दाखवली गेली होती.

७/७
दोन आवृत्त्या समोर आल्या, की छोटीत एखादा धागा अचानक सुटतो का, ते पाहावे. तो मोठीत नीट गुंफलेला आढळला, तर छोटी ही कापून काढलेली असण्याचा संभव अधिक. पण हा केवळ संकेत होय, कारण यशस्वी चित्रपटाला मागाहून नवे प्रसंग जोडूनही मालिका बनवता येते. निर्णय द्यावा तो पटकथा आणि चित्रणाच्या नोंदींवरून.